विश्लेषण : मुलांसाठी क्लाउड स्टोरेज सुरू करताय? ‘१५ जीबी’ची भिंत, शेअरिंगचं कुलूप आणि महिन्यातली दहा मिनिटं

रविवारची रात्र. सातवीतल्या मुलीचा विज्ञानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ सोमवारी सकाळी शाळेत द्यायचा आहे. “आई, अपलोडच होत नाहीये,” मुलगी म्हणते. आई फोन हातात घेते, तर वर लाल अक्षरांत सूचना आलेली असते : स्टोरेज संपलं. त्याच वेळी विमा सल्लागार असलेल्या आईला एका ग्राहकाचा फोन येतो, “मॅडम, तुम्हाला पाठवलेला मेल परत येतोय.”

समजा, नाशिकमधल्या एका चौकोनी कुटुंबातला हा प्रसंग आहे. अनेक घरांत थोड्याफार फरकाने हेच घडतं, कारण सुरुवात सगळीकडे सारखीच असते. आईने नवा फोन घेतला आणि जुना मुलीला दिला. जुन्या फोनवर गूगलचं खातं मात्र आईचंच राहिलं. मुलीने काढलेला प्रत्येक फोटो आणि व्हिडिओ मुकाट्याने आईच्या खात्यात जमा होत गेला. आईचे मेल, फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्याच १५ जीबीत होता. एक दिवस ती जागा भरली आणि दोघींचं काम एकदमच थांबलं.

यावर उपाय म्हणून बहुतेक पालक दोन बटणं शोधतात. एक, ‘मुलीला इतकीच जागा’ असं सांगणारं. दुसरं, ‘हिने बाहेर काही शेअर करायचं नाही’ असं सांगणारं. गूगल ड्राइव्ह आणि पालकांसाठीचं फॅमिली लिंक हे अ‍ॅप वापरताना ही दोन्ही बटणं तयार मिळत नाहीत. पण स्वतंत्र खातं, फोल्डरची नीट मांडणी आणि महिन्यातून एकदा दहा मिनिटांची नजर, या तीन गोष्टींतून ती जवळपास तयार करता येतात. कशी, ते याच कुटुंबाच्या उदाहरणाने पाहू.

आधी खातं वेगळं का हवं?

पहिलं कारण जागेचं. गूगलच्या प्रत्येक खात्याला १५ जीबी जागा मोफत मिळते. ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज अशा तिन्हींसाठी मिळून असते. अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्यातच धरला जातो. जागा संपली की ड्राइव्हमध्ये नवी फाइल चढत नाही, फोटोंचा बॅकअप थांबतो आणि जीमेलवर मेल येणं-जाणंही बंद होतं. म्हणजे मुलीच्या व्हिडिओमुळे आईचा व्यवसाय अडू शकतो.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. खात्यात साठवलेल्या मजकुराची गूगल स्वयंचलित तपासणी करतं आणि काही आक्षेपार्ह आढळलं तर फक्त ती फाइल नाही, पूर्ण खातंच बंद होऊ शकतं. मार्च २०२४ मध्ये गुजरात उच्च न्यायालयासमोर असंच एक प्रकरण आलं. एका संगणक अभियंत्याने स्वतःच्या लहानपणीचा, आजी आंघोळ घालत असतानाचा फोटो ड्राइव्हवर ठेवला होता. त्यावरून खातं बंद झालं आणि मेलसुद्धा उघडेनात, अशी त्याची तक्रार होती. न्यायालयाने त्यावर गूगलला नोटीस बजावली. घरातल्या कमावत्या व्यक्तीचा मेल, बँकेच्या सूचना आणि मुलांच्या फायली एकाच खात्यात असल्या, की एका फाइलची अडचण सगळ्यांची होते.

तिसरं कारण उलट दिशेचं. आईच्या खात्यात बसलेल्या मुलीला आईचे मेल, ग्राहकांची कागदपत्रं, पॅन कार्डाचा फोटो असं सगळं दिसतं. ती चुकून त्यातलं काही पुसूही शकते.

खातं काढताना : जन्मतारीख खरीच टाका

भारतात गूगलचं खातं स्वतःहून उघडण्यासाठी किमान वय १३ वर्षं आहे. त्याहून लहान मुलाचं खातं पालकाला फॅमिली लिंकमधून काढून द्यावं लागतं. आपल्या उदाहरणातली मुलगी बारा वर्षांची आहे, त्यामुळे तिच्यासाठी हाच रस्ता.

आईने स्वतःच्या फोनवर फॅमिली लिंक अ‍ॅप घ्यायचं आणि मूल जोडण्याचा पर्याय निवडायचा. मुलीचं आधीचं खातं आहे का, असं विचारलं जातं. नसेल तर नाव, जन्मतारीख, नवा जीमेल पत्ता आणि पासवर्ड भरायचा. शेवटी पालक म्हणून आईची ओळख आणि संमती घेतली जाते. त्यानंतर मुलगी आईच्या ‘फॅमिली ग्रुप’मध्ये येते. या ग्रुपमध्ये जास्तीत जास्त सहा जण असू शकतात आणि एका व्यक्तीला एकाच ग्रुपमध्ये राहता येतं.

इथे अनेक पालक एक शॉर्टकट मारतात. फॅमिली लिंकची कटकट नको म्हणून थेट जीमेल उघडतात आणि मुलाचं जन्मवर्ष मागे नेऊन त्याला वीस वर्षांचं करून टाकतात. खातं लगेच मिळतं, पण ते प्रौढाचं खातं असतं. मुलांसाठीचं कोणतंही संरक्षण त्याला आपोआप लागत नाही. पुढे वय कमी असल्याचं गूगलच्या लक्षात आलं तर पुरावा किंवा पालकाची देखरेख मागितली जाते आणि ते न केल्यास खातं बंद होतं. दहावीच्या तोंडावर तीन वर्षांच्या नोट्स असलेलं खातं बंद होणं परवडणारं नाही.

आता जुन्या फोनचं. त्यावर आईचं खातं तसंच ठेवून मुलीचं दुसरं जोडायच्या भानगडीत पडू नये. आधी त्यातलं हवं ते आईच्या खात्यात पोहोचलंय याची खात्री करावी, मग आईचं खातं काढून फोन फॅक्टरी रीसेट करावा आणि नव्याने सुरू करताना मुलीच्या खात्याने साइन इन करावं. त्या वेळी पालकाचा पासवर्ड विचारला जातो. तो आईने स्वतः टाकावा, मुलीला सांगू नये.

मुलाकडे स्वतःचा फोन किंवा टॅब नसेल, सगळं आईच्याच फोनवर चालत असेल, तर खातं काढण्याची घाईही नको. अशा घरात आईच्या ड्राइव्हमध्ये ‘शाळा’ नावाचं एक फोल्डर पुरेसं आहे. मुलीच्या हाती स्वतंत्र उपकरण येईल तेव्हा खातं काढावं.

१५ जीबी म्हणजे शाळकरी मुलासाठी नेमकं किती?

कोटा ठरवण्याआधी खर्च मोजायला हवा. आपल्या सातवीतल्या मुलीचा वर्षाचा हिशेब अंदाजे असा मांडता येईल.

गृहपाठाची वही स्कॅन केली तर एका पानाला साधारण अर्धा एमबी लागतो. शाळेचे २०० दिवस आणि रोज पाच पानं धरली तर हजार पानं, म्हणजे सुमारे ५०० एमबी. प्रकल्प, चित्रकला, तक्ते यांचे वर्षभरात ३०० फोटो आणि एका फोटोला ४ एमबी धरले तर १.२ जीबी. व्हिडिओ मात्र जागा खातो. ‘१०८०पी’ दर्जाच्या एका मिनिटाच्या व्हिडिओला सुमारे १३० एमबी लागतात. वर्षात दोन-दोन मिनिटांचे २० व्हिडिओ केले तर ५.२ जीबी होतात. सगळं मिळून जेमतेम ७ जीबी.

म्हणजे शाळेच्या कामाला १५ जीबी दोन वर्षं सहज पुरतात. दरवर्षी जुने व्हिडिओ पेन ड्राइव्हवर किंवा घरच्या संगणकावर काढून ठेवले तर दहावीपर्यंतही पुरतील. म्हणून मुलांसाठी समंजस कोटा शोधायला फार लांब जायला नको. मोफत मिळणारी १५ जीबी हीच सोयीची भिंत आहे. फक्त ती दोन ठिकाणी फुटते, तिथे लक्ष द्यायला हवं.

पहिली फट म्हणजे फोटोंचा आपोआप बॅकअप. तो चालू असेल तर शाळेशी संबंध नसलेलं सगळंही खात्यात जातं. एका सहलीचे ५०० फोटो आणि अर्ध्या तासाचे व्हिडिओ धरले तर सहज ६ जीबी होतात, म्हणजे वर्षभराच्या अभ्यासाइतके. मुलीच्या फोनवर गूगल फोटोज उघडून वरच्या प्रोफाइल चित्रावर टॅप करा, ‘Photos settings’मध्ये जा आणि ‘Backup’ बंद करा. बॅकअप हवाच असेल तर तिथेच ‘Storage saver’ हा दर्जा निवडा. त्यात मोठे फोटो आणि व्हिडिओ आकाराने कमी करून साठवले जातात. बॅकअप बंद केला तर सहलीचे फोटो फक्त फोनवर राहतात, हे विसरू नका. ते अधूनमधून संगणकावर काढून ठेवायला हवेत. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ ‘4K’वर असेल तर तोही खाली आणावा. शाळेच्या व्हिडिओला ‘720p’ पुरतो आणि त्याला १०८०पीच्या साधारण निम्मी जागा लागते.

घरचा प्लॅन वाटला, की भिंत पडली

दुसरी फट पालक स्वतःच्या हाताने पाडतात. स्टोरेज संपल्याच्या त्या रात्री वैतागून आई गूगल वनचा १०० जीबीचा प्लॅन घेते आणि ‘कुटुंबासोबत शेअर करा’ हा पर्याय चालू करते. सोय वाटते, पण तो नेमका कसा चालतो ते समजून घ्यायला हवं.

प्लॅन शेअर केल्यावर प्रत्येक सदस्य आधी स्वतःचे १५ जीबी वापरतो. ते संपले की पुढच्या फायली सगळ्यांच्या सामाईक १०० जीबीत जाऊ लागतात. या सामाईक जागेत कोणी किती वापरायचं याची मर्यादा घालता येत नाही. ‘मुलीला २० जीबी, मुलाला १०’ अशी वाटणी करायची सोयच नाही. शिवाय शेअरिंग चालू केलं की ते फॅमिली ग्रुपमधल्या सगळ्यांना लागू होतं.

आता समजा, आईचे ६० जीबी सामाईक जागेत आहेत आणि मुलीने सुट्टीत केलेल्या व्हिडिओंनी उरलेले ४० जीबी भरले. मुलीचं अपलोड तर थांबेलच, पण स्वतःच्या १५ जीबीच्या पलीकडे गेलेल्या आईचाही मेल पुन्हा अडेल. रविवारी रात्रीचा प्रसंग पैसे भरून परत.

म्हणून आईने प्लॅन घ्यायला हरकत नाही, पण तो स्वतःपुरता ठेवावा. गूगल वन अ‍ॅपमध्ये ‘Settings’, मग ‘Manage family settings’ आणि तिथे ‘Share Google One with family’ हे बटण बंद ठेवावं. मुलगी मग आपल्या १५ जीबीतच राहते आणि जागा संपली तरी अडचण तिच्यापुरतीच राहते. काही कारणाने प्लॅन शेअर करावाच लागला, तर कोणी किती जागा घेतली हे प्लॅन घेणाऱ्याला गूगल वनमध्ये दिसतं. ते दर महिन्याला पाहावं.

इतर कंपन्यांकडे चित्र थोडं वेगळं आहे. अ‍ॅपलच्या आयक्लाउडमध्ये ५ जीबी मोफत मिळतात आणि कुटुंबासाठीचा प्लॅन तिथेही सामाईकच असतो. मायक्रोसॉफ्टच्या कुटुंब प्लॅनमध्ये सहा जणांपर्यंत प्रत्येकाला वेगळी १ टीबी जागा मिळते; तिथे एकाचं भरलं म्हणून दुसऱ्याचं अडत नाही, पण शाळकरी मुलासाठी १ टीबी म्हणजे मर्यादा नसल्यासारखंच.

तीन फोल्डर आणि ‘फाइल कोणाची?’ हा प्रश्न

जागेचा प्रश्न सुटला. आता शेअरिंग. यात आधी एक नियम पक्का लक्षात ठेवायला हवा : ड्राइव्हमध्ये फाइल ज्याने अपलोड केली त्याच्या मालकीची असते, ती कोणाच्या फोल्डरमध्ये ठेवली यावरून मालक ठरत नाही.

बरेच पालक स्वतःच्या खात्यात फोल्डर बनवतात, त्यात मुलीला ‘Editor’ करतात आणि समजतात की आता सगळं आपल्या ताब्यात. तसं होत नाही. मुलीने त्या फोल्डरमध्ये टाकलेला व्हिडिओ मुलीच्या मालकीचा राहतो. त्याची जागा तिच्या १५ जीबीतून जाते आणि तो कोणाला द्यायचा हेही तीच ठरवू शकते. उलट, आईने अपलोड केलेल्या फाइलवर मुलीला फक्त ‘Viewer’ ठेवलं तर मुलीला ती पाहता येते, पण पुढे कोणाला परवानगी देता येत नाही.

या नियमावर आधारलेली साधी मांडणी म्हणजे तीन फोल्डर. पहिला ‘सातवी’, मुलीच्या खात्यात. नोट्स, स्कॅन केलेल्या वह्या आणि स्वतःचे व्हिडिओ त्यात. हा कोणाशीही शेअर करायचा नाही. दुसरा ‘गटाचं काम’, हाही मुलीच्या खात्यात. मैत्रिणींसोबतच्या प्रकल्पाच्या फायली फक्त यातच असतील आणि बाहेर काही द्यायचं असेल तर ते इथूनच जाईल. तिसरा ‘कागदपत्रं’, आईच्या खात्यात, आईनेच भरलेला, मुलीला ‘Viewer’ म्हणून दिलेला. फीची पावती, बोनाफाइडची प्रत, वेळापत्रक, बसचा पास असं मुलीला अधूनमधून लागणारं त्यात ठेवायचं. शेअरिंगच्या चौकटीतल्या गिअरच्या चिन्हात जाऊन पाहणाऱ्याला डाउनलोड, प्रिंट आणि कॉपी करण्याची मुभा काढून घेता येते. अर्थात स्क्रीनशॉट त्याने थांबत नाही. म्हणून आधार कार्डाची प्रत या फोल्डरमध्येही नसलेलीच बरी.

जुन्या फायली आईच्या खात्यातून मुलीकडे न्यायच्या तर आईने त्या मुलीला शेअर कराव्यात, मुलीने प्रत्येक फाइलवर ‘Make a copy’ करावं आणि मग आईने मूळ फाइल पुसावी. प्रत मुलीच्या मालकीची होते आणि आईची जागा मोकळी होते.

लिंक एकाच फाइलची, फोल्डरची कधीच नाही

मुलांच्या बाबतीत फायली बाहेर जाण्याची सर्वांत सामान्य वाट कोणती? गटाचा प्रकल्प असतो. पाच जणींचे जीमेल पत्ते टाकत बसायला वेळ नसतो. मुलगी फोल्डरवर ‘Share’ दाबते, ‘General access’मध्ये ‘Restricted’ बदलून ‘Anyone with the link’ करते आणि लिंक वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली जाते. प्रकल्प संपतो, लिंक मात्र तशीच राहते.

खरी अडचण पुढे आहे. फोल्डरला दिलेली परवानगी त्यात नंतर टाकलेल्या प्रत्येक फाइललाही लागू होते. तीन महिन्यांनी मुलगी सवयीने त्याच फोल्डरमध्ये सहलीच्या संमतीपत्राचा स्कॅन टाकते. त्यावर घरचा पत्ता, आईचा मोबाइल क्रमांक आणि सही असते. तिने नवं काहीच शेअर केलेलं नसतं, तरी ते पान जुनी लिंक असलेल्या प्रत्येकाला उघडं असतं. ‘Anyone with the link’सोबत ‘Editor’ दिलं असेल तर कोणीही त्यात बदल करू शकतो.

यासाठी मुलीला दोनच नियम सांगावेत. फोल्डरला लिंक द्यायची नाही, एका फाइलला द्यायची. आणि शिक्षकांना काही पाठवायचं तर लिंकऐवजी त्यांचा मेल पत्ता टाकून ‘Viewer’ म्हणून जोडायचं. लिंक द्यावीच लागली, तर काम तपासून झाल्यावर त्याच जागी जाऊन पुन्हा ‘Restricted’ करायचं.

लिंक खरंच बंद झाली का, हे ओळखण्याची सोपी चाचणी आहे. ती लिंक कॉपी करा, ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी उघडा, कुठेही साइन इन न करता ती तिथे टाका. फाइल दिसली तर ती जगाला उघडी आहे. साइन इन करायला किंवा परवानगी मागायला सांगितलं तर कुलूप लागलेलं आहे. मधल्या काळात कोणी ती डाउनलोड करून घेतली असेल तर ती प्रत मात्र परत घेता येत नाही.

धोका उलट दिशेनेही येतो. ज्याला मुलीचा जीमेल पत्ता ठाऊक आहे तो तिला फाइल शेअर करू शकतो आणि ती ‘Shared with me’मध्ये येऊन बसते. अनोळखी नावाची फाइल उघडायची नाही, फाइलच्या तीन ठिपक्यांमधून पाठवणाऱ्याला ‘Block’ करायचं आणि आईला दाखवायचं, एवढं मुलीला माहीत असावं.

फॅमिली लिंक काय करतं, काय करत नाही?

फॅमिली लिंकमध्ये आईला मुलीच्या फोनचा वापर किती वेळ झाला ते दिसतं, झोपेची वेळ ठरवता येते, एखादं अ‍ॅप बंद करता येतं किंवा त्याला वेळेची मर्यादा घालता येते. प्ले स्टोअरवरून नवं अ‍ॅप घेण्याआधी आईची मंजुरी लागेल असं ठेवता येतं. मुलगी पासवर्ड विसरली तर आई तो बदलून देऊ शकते. क्लाउडच्या दृष्टीने ‘Account settings’ हा भाग महत्त्वाचा आहे. मुलीच्या गूगल खात्याने दुसऱ्या अ‍ॅपमध्ये किंवा वेबसाइटवर साइन इन करण्याबाबतचं नियंत्रण तिथे असतं. ‘गूगलने साइन इन करा’ म्हणत ड्राइव्हची परवानगी मागणारी मोफत अ‍ॅप्स खूप असतात. त्यांना होकार देण्याआधी विषय आईपर्यंत आलेला बरा.

मात्र या अ‍ॅपमधून आईला मुलीचे मेल वाचता येत नाहीत किंवा ड्राइव्हमधल्या फायली उघडून पाहता येत नाहीत. कोणती फाइल कोणाला द्यायची, हेही ते ठरवत नाही. म्हणून ‘फॅमिली लिंक टाकलंय, आता काळजी नाही’ हा समज चुकीचा आहे. ते काम समोरासमोर बसूनच करावं लागतं.

महिन्याचा शेवटचा रविवार : दहा मिनिटं

आई आणि मुलीने फोन मध्ये ठेवून चार गोष्टी पाहायच्या. पहिली, ड्राइव्ह अ‍ॅपच्या मेनूतलं ‘Storage’. आकडा १२ जीबीच्या वर गेला असेल तर आताच आवरायला घ्यायचं, भरण्याची वाट पाहायची नाही.

दुसरी, मोठ्या फायली. ब्राउझरमध्ये मुलीच्या खात्यातून `drive.google.com/drive/quota` हा पत्ता उघडला की ड्राइव्हमधल्या फायली आकाराच्या क्रमाने दिसतात. वरच्या पाच-सहा फायली बहुधा व्हिडिओच असतात. हवे ते संगणकावर उतरवून बाकीचे पुसायचे. पुसूनही जागा वाढली नाही तर घाबरू नका. फाइल आधी ‘Trash’मध्ये जाते आणि तिथे असेपर्यंत जागा धरून ठेवते. ड्राइव्हमध्ये ती ३० दिवसांनी आपोआप जाते, किंवा ‘Trash’ रिकामं केलं की लगेच. चुकून पुसलेली फाइल परत आणायची संधीही याच ३० दिवसांत असते, त्यामुळे रिकामं करण्याआधी एकदा नजर टाकावी.

तिसरी, ‘गटाचं काम’ फोल्डर. शेअर केलेल्या फाइलपाशी दोन माणसांचं छोटं चिन्ह दिसतं. ‘सातवी’ फोल्डरमध्ये ते कुठेच दिसता कामा नये. जिथे दिसेल तिथे कोणाकोणाला परवानगी आहे ते पाहून जुनी नावं आणि लिंक काढायच्या. चौथी, ‘Shared with me’मध्ये अनोळखी कोणी आहे का.

फोनची भाषा मराठी ठेवली असेल तर या पर्यायांची नावं मराठीत दिसतील. नाव जुळलं नाही तरी जागा तीच असते.

तेरावा वाढदिवस आला की...

मुलगी १३ वर्षांची होताना गूगल आई आणि मुलगी दोघींना मेल पाठवतं. मुलगी आता स्वतःचं खातं सांभाळू शकण्याच्या वयात आलेली असते. देखरेख पुढे चालू ठेवण्याचाही पर्याय असतो. भारताचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा मात्र १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो आणि त्याची माहिती वापरण्यासाठी पालकाची पडताळणीयोग्य संमती हवी असं सांगतो. म्हणजे कंपनीच्या लेखी तेराव्या वर्षी ‘मोठी’ झालेली मुलगी कायद्याच्या लेखी आणखी पाच वर्षं लहानच आहे.

नाशिकच्या त्या घरात अजून एक वर्ष हातात आहे. आज कुलूप आई तपासते, शेजारी मुलगी बसलेली असते. सहा महिन्यांनी फोन मुलीच्या हातात द्यावा आणि आईने शेजारी बसावं. इन्कॉग्निटोची चाचणी मुलीला स्वतः करता येऊ लागली, की तेराव्या वाढदिवसाचा तो मेल कधीही येऊ दे.